फोटोत न दिसणारा ताण

अकरावी विज्ञानाच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एखाद्या गणिताचा फोटो येऊन पडणे, ही आता रोजचीच गोष्ट. असाच एक नेहमीचा नमुना घेऊ. आकृतीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली उतरते आणि तिच्या टोकाला २ किलोचा दुसरा ठोकळा लोंबतो. टेबलाचा घर्षणांक ०.२, गुरुत्वत्वरण १० धरायचे. प्रश्न दोनच: ठोकळ्यांचे त्वरण किती आणि दोरीतला ताण किती? फोटोखाली ठरलेली तक्रार असते: ‘ताण २० न्यूटन येतोय, पुस्तकात १४.४ दिलाय. छपाईची चूक आहे का?’

छपाईची चूक नाही. पण २० हे उत्तरही उगाच आलेले नाही. दोरीला २ किलो टांगले आहेत, त्यांचे वजन २० न्यूटन, म्हणजे दोरी २० न्यूटनने ताणलेली असणार, असा हा हिशोब. आडातली भरलेली बादली दोराने ओढून मध्येच धरून ठेवली, तर तो अगदी बरोबर आहे. दोर हातातून सैल सोडत बादली वेग घेत खाली जाऊ दिली, की हाताला बसणारी ओढ लगेच कमी होते. बादलीचे वजन तेच राहते, ताण मात्र उतरतो. फोटोतला २ किलोचा ठोकळा धरून ठेवलेला आहे की निसटतो आहे, हे फोटो पाहून कळत नाही. छापील चित्रात सगळेच स्थिर दिसते.

म्हणून समीकरणाला हात घालण्याआधी चित्र मोडावे लागते. फ्री बॉडी डायग्राम म्हणतात ते हेच. टेबल, कप्पी, दोरी पुसून टाकायची, एकेक ठोकळा एकटा काढायचा आणि त्याच्यावर बाहेरून जी बले लागतात तेवढेच बाण दाखवायचे. प्रत्येक बाणाला एक प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतो आहे?

टेबलावरच्या ठोकळ्यापुरते पाहू. पृथ्वी त्याला ३० न्यूटनने खाली ओढते आणि टेबल तेवढ्याच बलाने वर रेटते. उभ्या दिशेचा हिशोब इथे मिटला. आडव्या दिशेत दोरी त्याला T बलाने कप्पीकडे ओढते. घसरत असताना टेबलाचे घर्षण त्याला मागे ओढते: ०.२ गुणिले ३०, म्हणजे ६ न्यूटन. बाण एवढेच. बहुतेक वह्यांत मात्र इथे पाचवा बाण घुसतो. लोंबत्या ठोकळ्याचे २० न्यूटन वजन या ठोकळ्याला आडवे लावून दिलेले असते. ते कोण लावतो, असे विचारले की बाण पुसावाच लागतो, कारण लोंबता ठोकळा या ठोकळ्याला शिवतसुद्धा नाही. शिवते ती दोरी, आणि दोरीची ओढ T म्हणून आधीच लिहून झाली आहे.

लोंबत्या ठोकळ्यावर दोनच बाण: खाली २० आणि वर T. दोरी ताणून लांबत नाही, म्हणून एक ठोकळा जेवढा पुढे सरकतो तेवढाच दुसरा खाली उतरतो आणि दोघांचे त्वरण सारखे राहते. न्यूटनचा दुसरा नियम दोन्ही आकृत्यांना लावायचा:

T − ६ = ३a
२० − T = २a

बेरीज केली की T उडतो, १४ = ५a उरते. त्वरण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ताण २० − ५.६ म्हणजे १४.४ न्यूटन. आता T = २० दुसऱ्या समीकरणात घालून पाहावे: लोंबत्या ठोकळ्याचे त्वरण शून्य येते. पहिल्या समीकरणात तोच आकडा घातला तर टेबलावरच्या ठोकळ्याचे त्वरण सुमारे ४.७ येते. एकाच दोरीने बांधलेले दोन ठोकळे, एक जागेवर खिळलेला आणि दुसरा धावतो आहे! उत्तर चुकल्याचे पुस्तक न उघडताही कळते ते असे.

क्लासमध्ये याला जवळची वाट सांगतात. एकूण ओढ २०, त्यातून घर्षण ६ वजा करायचे आणि एकूण वस्तुमान ५ ने भागायचे. एका ओळीत २.८ मिळाले. ही वाट खोटी नाही. वरची बेरीजच ती, फक्त T उडाल्यानंतरची. पण परीक्षेतला अर्धा प्रश्न T बद्दल असतो आणि तोच या वाटेवर दिसेनासा होतो. त्यासाठी एका ठोकळ्याकडे परत यावेच लागते. दुसरी अडचण जास्त अवघड आहे: ठोकळा हलणार आहे की नाही, हे ही वाट विचारतच नाही.

त्याच फोटोत घर्षणांक ०.७ असता तर? जवळच्या वाटेने घर्षण २१ येते, ओढ २०, म्हणून त्वरण उणे ०.२. म्हणजे आधी स्थिर असलेला लोंबता ठोकळा आपणहून वर चढू लागला! उणे चिन्ह पाहून काही मुले ते खोडून ०.२ लिहितात, काही ‘उलट दिशेने’ अशी टीप जोडतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. घर्षण विरोध करते, स्वतः ढकलत नाही. २१ ही त्याची कमाल मर्यादा. गरज २० ची असेल तर ते २० वरच थांबते. ठोकळे हलत नाहीत, त्वरण शून्य आणि ताण बरोबर २० न्यूटन. आधी चुकीचे ठरलेले उत्तर इथे अचूक ठरते, कारण इथे ठोकळा खरोखरच धरून ठेवलेला आहे.

फोटोतला एखादा तपशील नजरेतून सुटला तरी असाच घोटाळा होतो. समजा, २ किलोचा ठोकळा दोरीच्या टोकाला नसून एका हलत्या कप्पीला टांगला आहे: दोरी त्या कप्पीखालून वळून वर जाते आणि छताला बांधलेली आहे. फोटोत फरक जेमतेम एका रेघेचा. पण आता लोंबत्या ठोकळ्याला दोरीचे दोन पदर वर ओढतात आणि तो एक सेंटीमीटर उतरला की टेबलावरचा ठोकळा दोन सेंटीमीटर सरकतो. घर्षणांक पूर्वीचाच ०.२ ठेवला, तर समीकरणे होतात २० − २T = २a आणि T − ६ = ३ × २a. लोंबत्या ठोकळ्याचे त्वरण सुमारे ०.५७ आणि ताण सुमारे ९.४ न्यूटन. पाठ केलेले सूत्र इथे काहीच बोलत नाही; दोरीचे पदर मोजणारी आकृती बोलते.

या सगळ्यात एक गृहीत गुपचूप बसले आहे: दोरीच्या दोन्ही बाजूंना T हे एकच अक्षर. दोरी आणि कप्पी वजनरहित आणि कप्पीचा आस घर्षणरहित असेल तेव्हाच ते चालते. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवुड यांनी १७८४ च्या ग्रंथात कप्पीवरून लोंबणाऱ्या दोन वजनांचे यंत्र वर्णिले, तेव्हा या अडचणीची दखल घेऊन कप्पीचा आस छोट्या चाकांवर टेकवला होता, घर्षण कमी व्हावे म्हणून. कप्पीचे वस्तुमान मात्र चाकांनी जात नाही. आपल्या गणितातली स्थिर कप्पी १ किलोची भरीव चकती असेल, तर तिला फिरवायला थोडे बल खर्च होते आणि ५ च्या जागी ५.५ ने भागावे लागते. त्वरण २.५५ वर येते. लोंबत्या बाजूचा ताण १४.९ आणि टेबलाकडचा १३.६ न्यूटन होतो, त्यांच्यातला १.३ न्यूटनचा फरक कप्पीला गरगरवतो. अशा वेळी तिसरी आकृती कप्पीची काढायची आणि T च्या जागी T₁ व T₂ लिहायचे.