अकरा टक्क्यांचे कर्ज कितीला पडते?

वैयक्तिक कर्जाच्या जाहिरातीत व्याजदर ठळक असतो. प्रोसेसिंग फी आणि मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क तळाशी बारीक अक्षरांत. त्यामुळे ज्याचा दर कमी त्याचे कर्ज स्वस्त, असे आपण धरून चालतो. पण शुल्के हिशेबात घेतली की त्याच कर्जाची किंमत ते किती दिवस ठेवले यावर ठरते. म्हणून दोन प्रस्तावांची तुलना करण्याआधी कर्ज केव्हा फेडणार, याचा अंदाज बांधावा लागतो.

पाच लाखांचे, तीन वर्षांचे कर्ज घ्यायचे आहे आणि दोन प्रस्ताव समोर आहेत, असे समजू. पहिल्याचा दर ११ टक्के, प्रोसेसिंग फी अडीच टक्के आणि मुदतीआधी खाते बंद केल्यास शिल्लक मुद्दलावर ४ टक्के शुल्क. दुसऱ्याचा दर १२ टक्के, पण ही दोन्ही शुल्के नाहीत. पहिल्याचा मासिक हप्ता १६,३६९ रुपये येतो, दुसऱ्याचा १६,६०७. दरमहा सुमारे २३८ रुपयांची ही बचत छत्तीस महिन्यांत साडेआठ हजारांच्या आसपास जाते. फी मात्र १८ टक्के जीएसटी धरून १४,७५० रुपये होते. ती बहुधा कर्जाच्या रकमेतूनच वळती होते. हातात ४,८५,२५० रुपये पडतात, व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर चालू राहते. म्हणजे ‘स्वस्त’ कर्ज सहा हजारांहून अधिक रुपयांनी महाग पडले. प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम आणि भरावे लागणारे हप्ते यांवरून वार्षिक दर काढायचा, तर स्प्रेडशीटमधले एक सूत्र पुरते:

```
=RATE(36,-16369,485250)*12
```

उत्तर सुमारे १३.१ टक्के येते. दुसऱ्या प्रस्तावाचा दर १२ टक्केच राहतो.

यावर कोणी म्हणेल, की हे गणित ग्राहकाने करण्याची गरजच उरलेली नाही. यात तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात फीसह काढलेला वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. कर्जाशी जोडलेल्या विम्याचा हप्ता कर्जदात्यामार्फत वसूल होत असेल तर तोही त्या दरात धरावा लागतो. पण हा एपीआर कर्ज पूर्ण मुदत चालेल असे मानून काढलेला असतो. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घडले तरच लागू होणारे, म्हणून ते त्या दरात मिसळत नाही. त्याच पत्रकात वेगळ्या रकान्यात बसते. बोनस मिळाला, जुनी ठेव मोकळी झाली की आधी कर्ज मिटवू, असा बेत असणाऱ्याला छापील एपीआर अपुरा आहे.

वरचेच पहिले कर्ज बारा हप्त्यांनंतर बंद केले, तर शिल्लक मुद्दल सुमारे ३,५१,२०० रुपये असते आणि त्यावरचे ४ टक्के शुल्क सुमारे १४,०५०. शुल्कावर कर आकारला जात असेल तर तो आणखी वेगळा. शिल्लक आणि शुल्क मिळून ३,६५,२६४ रुपये बाराव्या हप्त्याबरोबर भरले, असे धरून सूत्र असे होते:

```
=RATE(12,-16369,485250,-365264)*12
```

आता उत्तर सुमारे १७.७ टक्के. फी तीच, पण छत्तीस महिन्यांऐवजी बारा महिन्यांवर वाटली गेली. वर बाहेर पडण्याचे शुल्क आले. दुसऱ्या प्रस्तावात वर्षभराचे व्याज साडेचार हजारांनी जास्त जाते, तरी एकूण खर्च सुमारे चोवीस हजारांनी कमी राहतो.

मुदत लांबली तर कमी दराचा फायदा फी भरून काढेल, हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे. या उदाहरणात पाच वर्षे पूर्ण केली तर हप्त्यांतली बचत जेमतेम पंधरा हजार होते. म्हणजे फी कशीबशी वसूल होते, तीही आज दिलेले पैसे पाच वर्षांत थोडेथोडे परत मिळवून. दुसरा आक्षेप कर्जदात्यांचा: ठरावीक दराने पैसे गुंतवल्यावर ते लवकर परत आले तर आमचे नुकसान होते. तेही समजण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेनेही व्यक्तींच्या बिगरव्यावसायिक कर्जांवरची मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काची बंदी बदलत्या दराच्या कर्जांपुरतीच ठेवली आहे आणि वैयक्तिक कर्जे बहुधा स्थिर दराचीच असतात. पण शुल्क न्याय्य असले म्हणून ते किमतीबाहेर ठरत नाही.

मात्र कर्ज एकदा घेतल्यावर हिशेब बदलतो. भरलेली फी परत येणार नसते. तेव्हा फक्त पुढचे व्याज आणि बंद करण्याचे शुल्क ताडून पाहायचे. वरच्या उदाहरणात वर्षानंतर सुमारे ४१,६०० रुपयांचे व्याज उरते, त्यामुळे चौदा हजारांचे शुल्क भरूनही कर्ज फेडणे बहुधा फायद्याचेच. सहीपूर्वीचा निर्णय मात्र पूर्ण मुदतीचा आणि आपल्या अंदाजाच्या मुदतीचा, असे दोन्ही दर काढून घ्यावा. एकच प्रस्ताव दोन्हींत स्वस्त ठरला तर प्रश्न मिटला. उत्तरे वेगळी आली तर आपले पैसे खरोखर केव्हा मोकळे होणार, यावर निवड करावी. जाहिरातीतल्या दरावर नव्हे.