कृपयाच्या पुढे काय लिहावे?

घरकामाला येणाऱ्या बाईसाठी चिठ्ठी लिहायची तर ती सभ्य कशी लिहावी, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. ‘पूस’ऐवजी ‘पुसा’ लिहावे, त्याआधी एक ‘कृपया’ जोडावे, झाले. मला वाटते, खरा प्रश्न ‘कृपया’च्या पुढे सुरू होतो. आणि तो जरा अवघड आहे.

आधी, चिठ्ठीची गरज का पडली ते सांगते. जुन्या निसरपुरात असे काही लिहायची वेळच येत नसे. जमिनीला शेणाचे सारवण, भांड्यांना राख, पितळेला चिंच. एवढ्यात घर निघायचे, आणि हे तिन्ही पदार्थ मालकिणीइतकेच कामवालीलाही ठाऊक असायचे, कारण तिच्या घरीही तेच होते. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि जुन्या गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नव्या वसाहतीत नवी घरे उभी राहिली. त्यांत खाली कोटा फरशी, ओट्यावर ग्रॅनाइट, न्हाणीघरात टाइल्स, स्टीलचे सिंक, चमकणारे नळ आले. प्रत्येकाची बाटली वेगळी. आमच्या बोअरचे पाणीही जड आहे, आठ दिवसांत टाइल्सवर पांढरा थर धरतो. आता कामवालीला जे ठाऊक आहे ते या घराच्या उपयोगाचे नाही, आणि या घराला जे लागते ते तिला कोणी सांगितलेले नाही. चातुर्मासात मी सकाळी प्रवचनाला जाते, तेव्हा ती घरात एकटीच असते. म्हणून चिठ्ठी.

आमच्या ओळखीतल्या एका घरी चिठ्ठी नव्हती, तोंडी सांगणे होते. दिवाळीच्या आधी ‘फरशी चकचकीत दिसली पाहिजे’ म्हणून बाईच्या हातात संडास साफ करण्याची बाटली दिली गेली. तिने टाइल्सवर वापरली, टाइल्स उजळल्या. तीच तिने खोलीतल्या कोट्यावर ओतली. फेस आला. मळ सुटतोय असे तिला वाटले आणि तिने आणखी घासले. सुटत होती ती फरशी. कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, संगमरवरही त्याच जातीचा. आम्ल पडले की तो विरघळतो आणि वायूचे बुडबुडे येतात, तोच तो फेस. दुसऱ्या दिवशी पांढरट डाग दिसले. असा डाग ओळखायचा तर त्यावर पाणी टाकावे. ओला असताना तो नाहीसा होतो, वाळला की परत दिसतो, आणि बोटाला तिथे खरखर लागते. तो पुसून जात नाही. मशीन आणून घासून पॉलिश करावी लागते, तेव्हा जातो. बाईच्या पगारातून पैसे कापले गेले.

ते पैसे कोणाचे कापायला हवे होते? त्या बाईंशी माझा थोडा वाद झाला. त्यांचे म्हणणे, इतक्या वर्षांची कामवाली, एवढे कळू नये? मी विचारले, तुम्हाला कळत होते का? त्या म्हणाल्या, मला कुठे फरशी पुसायची असते! उत्तर त्यांच्या तोंडून आपणच आले. जिला पुसायचे नाही ती बाटली विकत घेते, आणि जिला पुसायचे आहे तिला बाटलीवरचे बारीक इंग्रजी वाचता येत नाही. मधली जागा भरण्याचे काम सूचना देणारीचे आहे, पाळणारीचे नाही.

तेव्हा माझ्या चिठ्ठीत पहिल्यांदा दगडाची गोष्ट आली. चिठ्ठी मी सोप्या हिंदीत लिहिली, कारण आमच्या ताई घरी निमाडी बोलतात आणि हिंदी अक्षर लावून लावून वाचतात. इथे मराठीत सांगते. ‘ताई, खोल्यांमधली हिरवट फरशी आणि माठाखालचा पांढरा दगड यांवर आंबट काहीही नको. लिंबू, व्हिनेगर, संडासाची बाटली, काहीच नको. आंबटाने हा दगड विरघळतो. अर्धी बादली पाण्यात भांड्यांचा पातळ साबण एक लहान चमचा पुरे. नंतर साध्या पाण्याचा पोछा.’ टाइल्ससाठी लिहिले, ‘पांढरा थर काढायला एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल. लावून दहा मिनिटे थांबा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. सांध्यांत साचू देऊ नका, सांधे सिमेंटचे आहेत, तेही आंबटाने झिजतात.’ ग्रॅनाइटच्या ओट्याला साबणपाणी. स्टीलच्या सिंकलाही तेच; कपडे पांढरे करायचे ब्लीच त्यात साठू दिले तर बारीक खड्डे पडतात. संडासाची बाटली फक्त संडासाच्या भांड्यात, कडेच्या आतून फिरवून, वीस मिनिटांनी ब्रश.

‘विरघळतो’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. नणंद म्हणाली, वहिनी, कारण कशाला लिहिता, सांगितले तेवढे करावे. कारण लिहिले की चिठ्ठी लांब होते, हे खरे. पण नुसती आज्ञा जिथे लिहिली तिथेच लागू पडते. कारण दिले की माणूस न लिहिलेल्या जागीही निर्णय घेऊ शकतो. आठवड्याने ताईंनी मला विचारले, ‘भाभीजी, शरबत करताना लिंबू त्या माठाच्या दगडावरच पिळता, ते चालतं का?’ चिठ्ठीत शरबताचा शब्दही नव्हता. लिंबू आता ओट्यावर पिळतो.

पुढची गोष्ट दगडाची नाही, जिवाची आहे. संडासाच्या बाटलीतले आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता, तोच. आपल्या तीन बाय पाचच्या बंद न्हाणीघरात तो दोन झाकणांतून तयार होऊ शकतो. आणि तो होतो तो आळसाने नव्हे, जास्त मन लावून काम करणाऱ्या बाईच्या हातून. एकाने डाग गेला नाही म्हणून ती दुसरे ओतते. मी लिहायला बसले होते, ‘ही दोन कधीही एकत्र करू नका.’ मग हात थांबला. ज्या गोष्टीने माणसाचा श्वास कोंडू शकतो ती एका ओळीच्या भरवशावर कपाटात ठेवायची? चूक झाली तर ‘लिहिले होते ना!’ म्हणायला मी मोकळी. अशी सूचना माझ्या बचावासाठी असते, तिच्या नव्हे, मग तिच्याआधी कितीही ‘कृपया’ लावा. मी ब्लीच घरातून काढले. पांढरे कपडे उन्हात वाळतात तेवढे पुरे.

तरी ओळ लिहिलीच, कारण ताई आणखी दोन घरी जातात. ‘कुठेही काम करताना डोळे चुरचुरले, घशात ठसका आला, तर बादली तशीच टाकून बाहेर या. दार उघडे ठेवा. वास जाईपर्यंत परत आत जाऊ नका, नुकसान झाले तरी होऊ द्या.’ शेवटचे पाच शब्द सगळ्यांत महत्त्वाचे. बादली फुटेल, पाणी वाहील, बाईसाहेब रागावतील, या भीतीनेच तर माणूस आत थांबते.

सुटे तेजाब मात्र आमच्याकडे कधीच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या विक्रीवर निर्बंध घातले, ओळखपत्र दाखवा, कारण सांगा म्हणून. तरी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेले तेजाब घरांतून दिसते. ज्या बाटलीवर काही लिहिलेलेच नाही तिच्याबद्दल चिठ्ठी कितीही सुंदर लिहिली तरी काय उपयोग! दुकानातली मूळ बाटली, मूळ झाकण, आणि संडासाच्या बाटलीच्या गळ्यात लाल चिंधी, असे आम्ही ठरवले.

आता एक ओळ अशी आली की मी बराच वेळ पेन धरून बसले. मोरीत फिनेल किंवा उकळते पाणी टाकण्याआधी मुंग्या आहेत का पाहावे, असतील तर त्यांना जाऊ द्यावे, आधी कोरडा झाडू मारावा. आपल्या घरांत ही जयणा आईच्या दुधाबरोबर येते. पण ताई जैन नाहीत. दगड विरघळतो हे त्यांच्या घरीही खरे आहे, वायूने गुदमरते हे सगळ्यांसाठी खरे आहे. मुंगीची ओळ माझ्या श्रद्धेची आहे. तिघींना एकाच ‘नको’च्या दाव्याला बांधले तर दोन वाईट गोष्टी होतात. ताईंना वाटेल, मुंगीइतकाच वायूही बाईसाहेबांचा सोस असेल. किंवा उलट, मुंगी मेली म्हणजे आपल्याकडून मोठा गुन्हा झाला. म्हणून ती ओळ चिठ्ठीच्या पाठीमागे, वेगळी लिहिली. ‘ही आमच्या धर्माची गोष्ट आहे, सफाईची नाही. जमेल तेव्हा कराल तर मला बरे वाटेल. वेळ नसेल तर मोरी माझ्यासाठी राहू द्या.’

‘राहू द्या’ हे दोन शब्द नुसते छापील सौजन्य राहू नयेत, तर मोरी खरोखर माझ्या हाताला लागली पाहिजे. आठवड्यातून दोनदा ती लागते. नणंदेला हे पटलेले नाही.

राहता राहिले ‘पुसा’ आणि ‘पुसावे’. पाटीवरच्या नियमांत ‘पुसावे’ असते, त्यात सांगणारे कोणी दिसत नाही, जणू भिंतच बोलते आहे. ‘पुसाल का?’ हा तर प्रश्नच खोटा, कारण ‘नाही’ म्हणायची सोय पगार देणारीने ठेवलेलीच नसते. मी साधे ‘पुसा’ ठेवले आणि खाली नाव लिहिले. काही बिघडले तर ते कोणी सांगितले होते, हे कागदावर असावे. मोजे दोन जोड टांगले, एक ताईंच्या मापाचा. पहिला मोठा होता, त्यातून बाटली निसटायची.

चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यांच्या मांडणीला अडकवली. चार दिवसांनी त्यावर खाली पेन्सिलीने एक ओळ आली, वेड्यावाकड्या अक्षरात: ‘पीतल का नहीं लिखा.’ मी विचारले, काय लिहू? ताई हसल्या. म्हणाल्या, ‘वो तो आप मुझसे पूछो.’ मग त्यांनीच सांगितले, चिंच जुनी हवी, मीठ चिमूटभर, आणि धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसायचे, नाहीतर हिरवट पडते. ते मी त्यांच्या ओळीखाली लिहून घेतले.