खाचरातली माणसं

बसा निवांत. घाईचं काही नाही. एक फोटो डोळ्यांसमोर आणायचा आहे, आणि तो कुठला हे ओळखायचं आहे.

पाच-सहा तरुण मुलंमुली गुडघ्याएवढ्या चिखलात उभी आहेत. हातात भाताच्या रोपांच्या जुड्या. एकीचे केस सोनेरी, कातडी उन्हानं लालसर झालेली. शेजारचा मुलगा गडद काळा, केस बारीक कुरळे. तिसऱ्याचे डोळे बारीक, गालाची हाडं वर आलेली. मागे धूसर डोंगर, कडेला एक खांब, खांबापाशी पाटीचा तुकडा.

आता आपल्या नजरेकडे लक्ष द्या. ती कुठे गेली पहिल्यांदा? चेहऱ्यांकडेच. आणि मनानं परस्पर काहीतरी ठरवूनही टाकलं: परदेश असणार. हे उत्तर खोडू नका. बाजूला ठेवा, पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

पौडहून कोळवणकडे जाताना खुबवलीच्या डोंगरावर युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. 1997 पासून तिथे अनेक देशांतली मुलं राहून शिकतात. पुढे कोळवणात चिन्मय मिशनचं चिन्मय विभूती आहे, तिथेही दूरदूरची माणसं येऊन राहतात. म्हणजे आपल्या मनातला फोटो मुळशी तालुक्यातल्या लावणीचा असायला काहीच हरकत नाही.

इथे जरा थांबा, आणि चेहऱ्यापासून ठिकाणापर्यंत मन कसं पोचतं ते बघा. एका उडीत पोचल्यासारखं वाटतं, पण त्या उडीत तीन पायऱ्या लपलेल्या आहेत. चेहऱ्यावरून पूर्वजांचा अंदाज, पूर्वजांवरून राहण्याच्या देशाचा, आणि देशावरून त्या दिवशी माणूस कुठे उभा होता याचा. प्रत्येक पायरी वेगळी तपासा.

पहिली पायरी: रंग. कातडीचा रंग हजारो वर्षांच्या उन्हाशी जुळत गेला, हे खरं. पण ऊन सगळीकडे सारखंच वागतं. म्हणून आफ्रिकेत, दक्षिण भारतात आणि पॅसिफिकमधल्या मेलानेशियात एकमेकांशी जवळचं नातं नसलेली माणसं सारखीच गडद दिसतात. उलटही आहे. युरोपात गोऱ्या रंगाला हातभार लावणारा SLC24A5 या जनुकातला एक बदल भारतातही पुष्कळ माणसांत सापडतो, आणि तो दोन्हीकडे एकाच मुळातून आला आहे. आपल्याच घरातले दोन भाऊ आठवा. एक गव्हाळ, दुसरा सावळा. आईबाप तेच, अंगण तेच.

आणि हे झालं खऱ्या रंगाबद्दल. फोटोत दिसतो तो रंग कॅमेऱ्यानं ठरवलेला असतो. पाठीमागे उजळ आभाळ असलं की समोरचा चेहरा काळवंडतो. ढगाखालच्या सावलीत निळसर झाक येते, संध्याकाळी पिवळी. वर काही फोन चेहरे परस्पर उजळूनही टाकतात, न विचारता. तोच माणूस, तेच खाचर, अर्ध्या तासात दोन रंग.

दुसरी पायरी: पूर्वजांवरून राहणं. मुरुड-जंजिऱ्यावर 1948 पर्यंत सिद्दी घराण्याचं राज्य होतं. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या रानात सिद्दींची गावं आहेत. पूर्वज आफ्रिकेतून आले त्याला शतकं लोटली. आजच्या मुलांची भाषा कोकणी, ओळख त्याच मातीची. नुसता चेहरा पाहून त्यांना ‘कुठले तुम्ही?’ असं विचारणाऱ्याला आपण काय विचारलं हेही कळत नाही. आता मॉरिशसकडे वळा. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे गणपती बसवतात, विसर्जनाला निघतात. त्या मिरवणुकीच्या फोटोत चेहरा मराठी, लुगडं मराठी, झांजही मराठी, फक्त समुद्र निराळा.

तिसरी पायरी सगळ्यात कच्ची. माणूस चालतो. गावाकडचा पोरगा दुबईला जातो, तिकडची पोरगी खुबवलीला येते. एका चेहऱ्यावर भरवसा नको, पण गर्दी तरी सांगेल की, असं वाटतं. थोडं सांगते, मान्य. तरी दुबईतल्या एखाद्या गल्लीतली सुट्टीच्या संध्याकाळची गर्दी आठवा. चेहऱ्यांवरून ती केरळातली म्हणाल.

आता फोटोकडे परत या, आणि एक साधी कसोटी हळूहळू लावा. चित्रातली कोणती वस्तू किती सहज हलू शकते? माणूस सहज हलतो. कपडे त्याच्याबरोबर जातात. MH 12 ची गाडी पुण्यात नोंदलेली, पण तीही गोव्याच्या किनाऱ्यावर उभी सापडते. विजेचा खांब हलत नाही. गावाच्या नावाची पाटी हलत नाही. डोंगर तर नाहीच.

मग आधी डोंगर बघा. माथा सपाट, अंगावर आडवे थर, जिन्यासारखी उतरण. हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला दख्खनचा काळा कातळ. पुढे बांध घातलेली खाचरं, त्यांत लावणीचं पाणी, म्हणजे पाऊस भरपूर आणि महिना बहुधा जुलै. आता पाटीचा तुकडा. देवनागरी अक्षरं. देवनागरी नेपाळातही आहे, हिंदी मुलखातही. पण मधे एक ‘ळ’ आहे, आणि हिंदीच्या पाट्यांवर तो सहसा भेटत नाही. नजर सह्याद्रीच्या पट्ट्यात आली.

तरीही चेहऱ्यांचं वजन मनातून जात नसेल तर मोजून बघू. आकडे मानलेले आहेत, हिशेब तेवढा खरा. दोन ढीग करा, प्रत्येकी 1 लाख फोटोंचे. एक युरोपचा, एक महाराष्ट्राचा. समजा युरोपच्या ढिगात 90,000 फोटोंत सोनेरी केसांचा चेहरा आहे, महाराष्ट्राच्या ढिगात फक्त 1,000 फोटोंत. नव्वदपट फरक, चेहऱ्याचा पुरावा भक्कम वाटतो. आता ‘ळ’ असलेली रस्त्याकडेची पाटी त्यात घाला. महाराष्ट्रात त्या हजारांपैकी दर पाचात एका फोटोत ती दिसली, तर 200 उरले. युरोपच्या नव्वद हजारांत अशी पाटी किती? फार तर एखादी. दोनशेला एक. चेहऱ्यानं दिलेला नव्वदपट कल एका न हलणाऱ्या अक्षरानं उलटा फिरवला.

यात फसायची जागाही आहे. पाटी कापडी फलक असली, लंडनच्या मराठी मंडळानं हॉलमध्ये टांगलेली, तर ती माणसाइतकीच प्रवासी. म्हणून अक्षर वाचण्याआधी ते कशावर आहे ते बघा: सिमेंटचा दगड, की दोरीनं बांधलेलं कापड?

सावलीही विचारा. कोळवणाच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी गोळा होते. पण ढग असले तर सावलीच नाही. आणि असली तरी ती पृथ्वीभोवतीचा सबंध पट्टा दाखवते. हैतीतलं पोर्ट-ओ-प्रिन्स जवळपास याच अक्षांशावर आहे. सावलीनं अक्षांश दिला, डोंगरानं दख्खन दिलं. दोन्ही एकत्र ठेवले तर पट्ट्याचा तुकडा होतो.

मग बाजूला ठेवलेलं ते उत्तर आता उचला. परदेश. त्यातलं काय टिकतं? एवढंच, की ही मुलं कदाचित लांबून आली असतील, आणि तेही कदाचितच. चेहऱ्यांपेक्षा त्यांचे हात जास्त बोलतात: जुडी कशी धरली आहे, रोप किती खोल खोवलं आहे, ओळ सरळ आहे की वाकडी. पण त्यावरून सवय कळते, ठिकाण नव्हे.

ठिकाणाबद्दल म्हणाल तर: पुण्याच्या पश्चिमेचं एखादं भातखोरं, जुलैच्या आसपास. पौडचं, कोळवणचं, की पलीकडचं पवन मावळातलं, हे या फोटोवरून ठरत नाही. मागच्या डोंगररांगेत तिकोन्याचा त्रिकोण दिसला असता, तर तो कोणत्या बाजूनं दिसतो यावरून खोरं ठरलं असतं. तो ढगात आहे.