खर्च

पहूरहून जळगावच्या मार्केटात माल जायचा, तिथल्या एका अडत दुकानात मी पट्ट्या लिहायचो. एकदा पेठेतले एक काका पट्टी घेऊन समोर बसले. "वाच भो. मले समजत नाही."

पट्टी माझ्याच हातची. वांगी 400 किलो, दर 13.25, रक्कम 5,300, खर्च 807, देणे 4,493. बेरीज-वजाबाकी चोख होती.

"तेरा रुपये चार आण्यानं कोनं घेतली वांगी?" काका म्हणाले.

कोणीच नाही. 300 किलो 15 रुपयांनी गेली होती आणि 100 किलो, किडकी-जून, 8 रुपयांनी. मी सरासरी काढून मोकळा झालो होतो. मालात कुठे मार बसला, हे त्यामुळे त्यांना कळायला वावच राहिला नाही.

मग मी कोरी पट्टी घेतली. काट्यावर 412 किलो, 12 गोण्यांचे वजन वजा 12, राहिले 400. दोन्ही दर वेगवेगळ्या ओळींत. मोटारभाडे 12 गोण्या गुणिले 40, म्हणजे 480. हमाली गोणीला 10, म्हणजे 120. तोलाई 4 प्रमाणे 48. झाले 648. पण खर्च तर 807 होता! उरलेल्या 159 रुपयांना नावच सापडेना. मग लक्षात आले, 5,300 चे शेकडा तीन बरोबर 159 होतात. ही अडत होती. भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची, हा नियम 2016 सालीच झाला होता. आमच्याकडे ती 'खर्च' या शब्दात शिरून बसली होती, आणि तो शब्द रोज मीच लिहीत होतो.

शेठ म्हणाले, "भाड्यात घाल."

घालून पाहिले. भाडे 639 झाले, म्हणजे गोणीला सव्वात्रेपन्न. गाडीवाला पहूरचाच, तो चाळीस घेतो हे काकांना तोंडपाठ. गोण्या आणि दर शेजारी शेजारी लिहिले की लबाडीला जागा उरत नाही. शेठ थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "काढून टाक." देणे 4,652 झाले.

शेठचे म्हणणे असे, की पूर्वीच्या पट्टीत एक आकडा खोटा नव्हता. दिले तेवढेच लिहिले होते. ते खरेच आहे. पण ज्याला ती द्यायची त्याला तपासता येत नसेल, तर तिला हिशेब म्हणावे का? मला त्याचे उत्तर तेव्हा टाळता आले, कारण पगार शेठ देत होते.

काकांनी पैसे मोजले, दोनदा. उठताना कपाटातल्या कार्बनच्या जुन्या पट्टीबुकांकडे बोट केले.

"अन् त्याइचं काय?"

मी शेठकडे पाहिले. ते फोनवर बोलत होते.