दोन आणि चार यांच्यामधली जागा

एका कागदावर दोन रकाने आखून डावीकडे १ पासून २० पर्यंतचे अंक आणि त्यांच्यासमोर उजवीकडे दोनाचे तितकेच घात, म्हणजे २, ४, ८, १६ असे करीत थेट १०,४८,५७६ पर्यंत, मांडून ठेवले, तर त्या तक्त्यात पाठांतरापलीकडे काही असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. हाच तक्ता दोन जिज्ञासू विद्यार्थ्यांच्या हाती पडला आहे, अशी कल्पना करू. एकाला माधव म्हणू, दुसरीला शालिनी.

“६४ ला १२८ ने गूण,” शालिनी म्हणते. माधव रीतसर मांडणी करून, हातचे धरून ८,१९२ काढतो. तोवर तिने तेच उत्तर लिहूनही ठेवलेले असते.

“तक्त्यात बघून लिहिलेस तू!”

“बघूनच लिहिले. पण कुठे बघायचे ते मला कसे कळले, हे विचार की. ६४ समोर ६ आहे, १२८ समोर ७ आहे. बेरीज १३, आणि १३ समोर ८,१९२.”

माधव क्षणभर थांबून म्हणतो, “बरोबरच आहे. एकीत दोन सहा वेळा गुणले गेलेत, दुसरीत सात वेळा. एकत्र केल्यावर तेरा वेळा होणारच. मग ४,०९६ चे वर्गमूळ काढायला १२ चे निम्मे केले की झाले. ६ समोर ६४!”

येथवरची वाट पूर्वसूरींनीही तुडविलेली आहे. ‘षट्खंडागमा’वरील ‘धवला’ या आपल्या टीकेत, नवव्या शतकाच्या आरंभी, वीरसेनाचार्यांनी एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते त्या गणतीला ‘अर्धच्छेद’ असे नाव दिले आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम योजिला. हा ग्रंथ १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागला. जर्मनीत मिखाएल श्टीफेल याने १५४४ साली दोनाच्या घातांचा असाच तक्ता छापला व तो शून्याच्या अलीकडे, अपूर्णांकांपर्यंतही नेला. मात्र तक्त्यातील ओळींच्या मधल्या रिकाम्या जागा त्याने भरल्या नाहीत, आणि नेपियरचे लॉगरिदमचे कोष्टक प्रसिद्ध व्हायला त्यानंतर ७० वर्षे जावी लागली. माझ्या मते खरा शोध त्या रिकाम्या जागांतच आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांचा संवादही आता तेथेच येऊन ठेपतो.

“पण ३ कुठे आहे?” माधव विचारतो. “२ समोर १, ४ समोर २, मध्ये ३ नाहीच. त्याला दीड देऊन टाकू. तो बरोबर मधोमध आहे.”

“देऊ, पण ताळा पाहू. ३ चा अंक दीड, तर ३ गुणिले ३ याचा अंक दीड अधिक दीड, म्हणजे ३. आणि ३ समोर काय आहे?”

“८. पण तीन त्रिक नऊ!”

ही तफावत मोलाची आहे. उजव्या रकान्यातला मध्य आणि डाव्या रकान्यातला मध्य एक नव्हेत, कारण एक रकाना बेरजेने वाढतो व दुसरा गुणाकाराने. दीडासमोर बसणारी संख्या ८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८२८, हीच असली पाहिजे. तेव्हा रिकाम्या जागेत काय बसवावे, हे मर्जीने ठरत नाही. भरलेल्या ओळींनी जो नियम घालून दिला तोच येथेही पाळला जावा, एवढी एकच अट ते ठरविते.

“म्हणजे दीडाहून थोडे जास्त,” माधव कबूल करतो. “किती जास्त?”

“तीनाला पाच वेळा घेऊ. २४३ येतात, २५६ हून कमी. २५६ समोर ८ आहे, म्हणून आपल्या अंकाची पाचपट ८ हून कमी, अंक १.६ च्या आत.”

माधवला आता युक्ती उमगते. तीनाचे घात वाढवीत, दोनाच्या एखाद्या घाताच्या निकट येणारा घात तो शोधू लागतो, आणि बाराव्या घाताशी ५,३१,४४१ वर थबकतो. दोनाचा एकोणिसावा घात ५,२४,२८८, म्हणजे त्याहून जरासा कमी. अंकाची बारापट १९ हून अधिक, म्हणून अंक १.५८३ हून मोठा.

“असेच करत गेलो तर कधीतरी दोन्ही घात नेमके एक होतील,” तो उत्साहाने म्हणतो.

“कधीच नाही. तीनाचा प्रत्येक घात विषम असतो आणि दोनाचा सम.”

तीनाच्या अंकाची स्थिती खरोखर अशीच आहे. १.६ आणि १.५८३ यांच्यामधली जागा वाटेल तितकी अरुंद करता येते, परंतु कोणताही अपूर्णांक त्या अंकाला पुरा पडत नाही, आणि छापील कोष्टकातले १.५८५ हे त्याचे केवळ कामापुरते रूप होय. तेवढ्यावरही ६, १२ व २४ यांचे अंक नुसता एकेक मिळवून हाती येतात, आणि ९ चा अंक दुप्पट करून; पाचासाठी मात्र श्रम पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. ते वाचकांनी स्वतः कागद घेऊन करून पाहावेत. पाचाचा तिसरा घात १२५ हा १२८ च्या अगदी लगत आहे, एवढा धागा आरंभाला पुरेसा आहे.