आधी पाणी, मग चौकशी

झाशीत मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि रस्त्यावर लू वाहते. अशा वेळी दारात आलेल्या माणसाला ‘पाणी हवं का?’ असं विचारणं मला चूक वाटतं. परका माणूस संकोचानं ‘नको, राहू द्या’ म्हणतो आणि तहानलेलाच बसतो. ‘या, बसा’ म्हणावं आणि पाणी आणून समोर ठेवावं. हो-नाही ठरवण्याचा भार त्याच्यावर टाकू नये.

१७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्या काळापासून तिथे मराठी घरं वसत गेली. उन्हातून आलेल्याला गूळपाणी देण्याची आपल्याकडची जुनी रीत उत्तरेत परकी नव्हती, कारण तिकडेही नुसतं पाणी पुढे करत नाहीत. सोबत गुळाचा खडा, बत्तासा किंवा पेढा असतो. तो तोंडात विरघळेपर्यंत माणूस टेकतो, मग घोट घोट पाणी पितो. गटागटा पिऊन भांडं परत करण्याची घाई होत नाही. पाणी माठातलं असेल तर उत्तम. झाशीच्या कोरड्या हवेत माठातून पाझरणारं पाणी झपाट्यानं उडून जातं, म्हणून आतलं पाणी छान गार होतं. दमट कोकणात तोच माठ एवढं काम करत नाही. माठ जुना झाला की क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात. बाहेरून तो कोरडा दिसू लागला की नवा आणायची वेळ झाली, असं समजावं.

पाण्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत यजमान काय बोलतो, याला मी फार महत्त्व देतो. ‘काय काम काढलंत?’ हा प्रश्न तेव्हा येऊ नये. तो आला की पाहुणा बिचारा येण्याचं कारण सांगू लागतो, आणि कारण सांगून झालं की उठू लागतो. ‘ऊन फार लागलं का?’, ‘गाडीला गर्दी होती का?’, ‘आई कशा आहेत?’ एवढं पुरतं. उत्तरं सोपी असतात, घाम वाळेपर्यंत बोलणं सुरू राहतं, आणि काम असेल तर तो आपणहून त्याकडे वळतो. चहासाठीही ‘घेणार का?’ म्हणण्यापेक्षा ‘चहा टाकतोय, साखर किती?’ असं म्हणावं. घरात आपण एकटेच असू, तर मात्र पाणी देऊन लगेच स्वयंपाकघरात शिरू नये. थोडं बसावं, मग आधण ठेवावं. आणि दोघं असू, तर दर वेळी बाईनंच ओट्याशी उभं राहायचं आणि पुरुषानं गप्पा मारायच्या, ही वाटणी बदलायला हवी.

या पाण्याला आणखी एक बाजू आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत होते आणि वेढ्याच्या काळात झाशीतच अडकले. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलं. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटल्या. धुळीनं माखलेल्या, तहानलेल्या. ज्यांच्या नगरीत आसरा मिळाला, त्यांच्यासाठी पाणी काढायला भटजी पुढे झाले. राणीनं त्यांना थांबवलं. आपण विद्वान ब्राह्मण, आपण माझ्यासाठी पाणी काढू नये, असं म्हणून तिनं स्वतः पाणी ओढलं.

मला या प्रसंगात राणीची अदब भारावून टाकते. राज्य गेलेलं असताना, घसा सुकलेला असताना तिनं समोरच्याचा मान राखला. पण तो मान जातीवरून ठरला होता, हेही मी विसरू शकत नाही. कोणी कोणासाठी पाणी काढायचं, कोणाच्या हातचं कोणाला चालायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असे. त्याच हिशेबानं असंख्य माणसांना दाराबाहेर बसवून वरून ओंजळीत पाणी ओतलं गेलं. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच व्यवस्थेविरुद्ध.

म्हणून आपल्या पाहुणचाराची पारख मी बैठकीतल्या पाहुण्यावरून करत नाही. पार्सल घेऊन आलेला मुलगा, गॅसची टाकी वर चढवणारा माणूस, गटार साफ करणारा कामगार यांना आपण न विचारता पाणी देतो का, आणि कोणत्या भांड्यातून देतो, ते मी पाहतो. कित्येक घरांत फडताळाच्या कोपऱ्यात एक वेगळा कप अजून असतो. त्याचा कान तुटलेला असतो आणि तो कोणासाठी, हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. तो कप आजच टाकून द्यावा. पार्सलवाल्याला पुढची पाच घरं गाठायची असतात, त्याला बसायला वेळ नसतो. मग त्याला उंबऱ्यातच, पण आपल्याच पेल्यातून गार पाणी आणि गुळाचा खडा द्यावा. त्याची बाटली रिकामी असेल तर तीही माठातून भरून द्यावी.