कारण आणि ठिकाण

मागच्या वर्षी एका प्रशिक्षणवर्गात आम्हा वीसेक जणांच्या हातात एकेक वही ठेवण्यात आली. प्रत्येक पानावर तीन रकाने छापलेले होते : काय चुकले, का चुकले, त्यातून काय शिकलो. रोज संध्याकाळी पाच मिनिटे बसून हे भरायचे, म्हणजे वर्षअखेरीस आपण कोणत्या चुका पुन्हा पुन्हा करतो ते आपोआप दिसेल, असे सांगण्यात आले. वही ठेवायला माझा विरोध नाही. मुद्रितशोधनाच्या कामात बावीस वर्षे काढली, त्यातली बरीच वर्षे मी स्वतः अशी वही ठेवत आलो आहे. माझा आक्षेप आहे तो मधल्या रकान्याला. तिसऱ्यालाही आहे, पण तो मधल्याचेच अपत्य.

‘अपयशाचा उत्सव करा’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. उत्सवात कोणी हिशेब मांडत नाही. आपल्याला मिळालेल्या नकारांची यादी जाहीर करणाऱ्या विद्वानांचेही मध्यंतरी कौतुक झाले, पण नकार देणारा दुसरा असतो आणि चूक करणारे आपण असतो, तेव्हा तेही बाजूला ठेवू.

चुका टिपून ठेवण्याची रीत जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांचा तक्ता आखून त्यात रोज ठिपके टाकले. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ ते १९१६ या काळात आपल्या रुग्णालयातून घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका मोजल्या आणि छापल्या. माझ्या धंद्याला मात्र सर्वांत जवळचे उदाहरण डोनाल्ड कनूथ यांचे. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून ते इतके नाराज झाले, की अक्षरजुळणीसाठी त्यांनी ‘टेक’ ही संगणकप्रणाली स्वतःच लिहायला घेतली. १९७८ पासून तिच्यात केलेला प्रत्येक बदल ते टिपत गेले. १९८९ मध्ये साडेआठशेहून अधिक नोंदींची ती वही त्यांनी एका लेखाला जोडून प्रसिद्ध केली आणि तिचे पंधरा वर्ग पाडले. त्यांतला एक वर्ग माझ्या मनात घर करून आहे : एक भाग लिहिताना, दुसऱ्या भागात आपणच ठरवलेला संकेत विसरून जाणे. दोन्ही भाग आपापल्या जागी ठीक, चूक त्यांच्या सांध्यात. या सांध्याकडे मी पुन्हा येईन.

आधी मधला रकाना. ‘का’ विचारण्यामागे एक भारदस्त परंपरा आहे, आणि तिचे नाव घेतले की सभेत माना डोलतात. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी सांगितलेली ‘पाच वेळा का’ ही ती रीत. त्यांचे उदाहरण असे. यंत्र बंद पडले, कारण जादा भाराने फ्यूज उडाला. जादा भार आला, कारण बेअरिंगला पुरेसे वंगण नव्हते. वंगण नव्हते, कारण पंप ते नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. दांडा झिजला, कारण गाळणी बसवलेली नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. गाळणी बसवा, प्रश्न सुटला. उदाहरण सुरेख आहे आणि कारखान्यात ते खरेही आहे. तिथे प्रत्येक उत्तर यंत्र उघडून पाहता येते, आणि दांड्याला स्वतःची अब्रू सांभाळायची नसते.

आता माझी एक चूक घेतो. एका चरित्रग्रंथाच्या अंतिम प्रुफात लेखकाने एक वाक्य काढायला सांगितले. डीटीपी ऑपरेटरने ते काढले. वाक्य गेल्याची खात्री मी केली, खूण केली आणि पान सोडले. पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाचे पत्र आले. चरित्रनायकाचे वडील १९२९ साली वारले असे एका ओळीत होते, आणि लगेच पुढच्या ओळीत ‘त्यांनी १९३४ साली रेल्वेत नोकरी धरली’. काढलेले वाक्य थोरल्या काकांबद्दल होते. ते गेल्यावर पुढचे ‘त्यांनी’ वारलेल्या वडिलांना जाऊन चिकटले.

इथे पाच वेळा ‘का’ विचारून पाहू. वडील नोकरीला का लागले? मी पुढचे वाक्य वाचले नाही. का? फक्त खुणा केलेल्या जागाच पाहिल्या. का? वेळ नव्हता. का? सात वाजता प्लेट जायच्या होत्या. का? लेखकाने दुरुस्त्या चार दिवस उशिरा पाठवल्या. म्हणजे गाळणी लेखकाला बसवायची! ज्या दिवशी मन जरा कोवळे असते, त्या दिवशी हीच साखळी दुसरीकडे वळते : वाचले नाही, कारण लक्ष नव्हते, लक्ष नव्हते, कारण मी निष्काळजी आहे. दोन्ही साखळ्या खऱ्या आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. पहिली गाऱ्हाण्यात संपते, दुसरी पश्चात्तापात, आणि दुसऱ्या दिवशी प्रूफ वाचण्याची माझी रीत तसूभरही बदलत नाही.

‘पाच का’वाले यावर म्हणतील, की उत्तर तर दुसऱ्याच पायरीवर होते : फक्त खुणा केलेल्या जागा पाहिल्या! बरोबर आहे, होतेच. पण त्याच पायरीवर थांबायचे हे मला त्या संध्याकाळी कसे कळावे? एकाच चुकीकडे पाहताना सगळ्या पायऱ्या सारख्याच ठळक दिसतात. कोणती पायरी पुन्हा पुन्हा येते हे अनेक चुका शेजारी शेजारी मांडल्यावरच समजते, आणि मांडण्यासाठी आधी त्या कच्च्या स्वरूपात लिहिलेल्या असाव्या लागतात. ‘का’चा रकाना नेमके हेच होऊ देत नाही. तो त्याच दिवशी निकाल मागतो, तोही निकाल ठाऊक असलेल्या माणसाकडून. बारूख फिशहॉफ यांच्या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना निक्सन यांच्या चीन व रशियाच्या दौऱ्यांत काय काय घडेल याची शक्यता आधी विचारली होती. दौऱ्यांनंतर ‘तुम्ही काय सांगितले होते’ असे विचारले, तेव्हा घडून गेलेल्या गोष्टींना आपण जास्तच शक्यता दिली होती असे त्यांना आठवू लागले. संध्याकाळी चूक लिहायला बसलेला माणूस याहून वेगळा नसतो. चूक आधीपासून दिसतच होती असे त्याला वाटते, म्हणून तो ‘दुर्लक्ष’ लिहितो आणि झोपतो.

माझी पहिली वही अशीच भरली. वर्षभराने उघडली, तेव्हा मधल्या रकान्यात ‘घाई’ आणि ‘दुर्लक्ष’ हे दोनच शब्द आलटून पालटून होते. चुकांची पुनरावृत्ती त्यात सापडली नाही. सापडली ती माझ्या सबबींची.

दुसऱ्या वहीत मी ‘का’ खोडला आणि रकाने बदलले : वेळ, कितवे प्रूफ, पानावर नेमकी कुठली जागा, त्या जागेला शेवटचा हात कधी व कशासाठी लागला, आणि चूक कोणाला सापडली. मत मागणारा एकही रकाना ठेवला नाही. अकरा महिन्यांत ३४ नोंदी झाल्या. त्या एकत्र मांडल्या तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. २१ चुका संध्याकाळी पाचनंतरच्या होत्या, आणि १३ चुका अशा पानांवर होत्या, जिथे शेवटचे पूर्ण वाचन झाल्यावर काहीतरी दुरुस्ती लावली गेली होती.

यातली पहिली गोष्ट मोठी दिसते, आणि तिथेच बहुतेक वह्या फसतात. ‘संध्याकाळी थकवा येतो’ असे लिहून मी मोकळा झालो असतो. पण मग मी एकूण कामाची मोजदाद केली. अंतिम प्रुफांपैकी सुमारे दोनतृतीयांश पानेच मुळी पाचनंतर हातात येत होती, कारण छपाई रात्री सुरू होते. ३४ पैकी २१ म्हणजे जवळपास तेवढेच. संध्याकाळ निर्दोष सुटली. दुसऱ्या गोष्टीसाठी मी पुढचे तीन महिने पाने मोजली. ४१२ पैकी ६१ पानांना उशिराची दुरुस्ती लागली होती, म्हणजे सातांतल्या एकाला. चुका मात्र अडीचांतली एक त्या पानांवर होती. किती चुका झाल्या एवढेच टिपणारी आणि चुकायच्या संधी किती आल्या हे न टिपणारी वही माणसाला हमखास चुकीच्या दाराशी नेते.

दुरुस्तीची जागा हा कनूथ यांच्या वहीतला सांधाच आहे. वाक्य काढले की सर्वनाम अनाथ होते. शब्द वाढला की ओळी सरकतात आणि परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. शीर्षक बदलले की अनुक्रमणिकेत जुनेच राहते. खूण केलेली जागा बरोबर असते. बिघडते ते तिच्या शेजारी. म्हणून आता मी खूण पाहून थांबत नाही. परिच्छेद शेवटपर्यंत वाचतो, त्याखालचा एक परिच्छेद वाचतो, पान संपत असेल तर पुढच्या पानाचा माथा पाहतो, आणि शीर्षक असेल तर अनुक्रमणिका उघडतो. सोळा पानांच्या फर्म्यामागे पंधरा-वीस मिनिटे जास्त जातात. ‘जास्त काळजी घेईन’ या संकल्पाला किती मिनिटे लागतात हे मात्र कोणी सांगू शकत नाही, कारण ते काम नव्हेच.

मर्यादा कबूल करतो. ३४ नोंदी म्हणजे थोड्याच; त्यांच्यावर सिद्धान्त उभा राहत नाही, फार तर एक सवय बदलता येते. वहीत सापडलेल्याच चुका येतात. शिवाय ‘कोणाला सापडली’ हा रकाना वाचला की कळते, लेखकांना नावांच्या चुका दिसतात, वाचकांना सनावळीच्या. म्हणजे वही काही अंशी शोधणाऱ्यांच्या डोळ्यांचीही नोंद असते. आणि ती वही वरिष्ठांनी तपासायची ठरली, तर दुसऱ्याच दिवशी ‘का’चा रकाना मागच्या दाराने परत येतो, कारण वरिष्ठांना ठिकाण नको असते, जबाब हवा असतो.

एवढे सगळे म्हणूनही कारणे नसतातच असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे अरुंद आहे. कारण हे अनेक नोंदींतून निघते, ठिकाण एका नोंदीत लिहिता येते. वहीत लिहायचे ते ठिकाण.

त्या चरित्राची दुसरी आवृत्ती निघाली. ‘त्यांनी’च्या जागी ‘थोरल्या काकांनी’ घातले, आणि १९३४ ची नोकरी ज्याची त्याला मिळाली. पान सोडण्याआधी मी परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. तो ठीक होता. खालच्या परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीत मात्र लिहिले होते, ‘घरात एक थोरले काकाही होते, ते रेल्वेत नोकरीला होते.’ लेखकाने वरचे वाक्य काढायला सांगितले होते ते याचसाठी. काकांचा परिचय त्याने खाली हलवला होता. माझ्या दुरुस्तीने काका आता परिचयाआधीच पानावर येऊन बसले होते. वहीत नोंद केली : अंतिम प्रूफ, दुरुस्तीखालचा परिच्छेद, शेवटचा हात माझा, सापडली मला.